फोटोचं पेंटिंग केलं की बोर्डावरची अन् जर्सीवरची मराठी अक्षरं मोडतात. काय करावं?

वऱ्हाडी_चढाई

राजेहो, एक काम अडकून पडलं आहे. गावच्या कबड्डी संघाचा फोटो आहे, ग्रामपंचायतीसमोर उभा राहून काढलेला. मोबाइलचा, 4000 × 3000. मागे पिवळ्या पत्र्याचा बोर्ड, त्यावर लाल अक्षरात "ग्रामपंचायत कार्यालय" आणि खाली बारीक ओळ "ता. आर्वी, जि. वर्धा". पोरांच्या जर्सी गडद हिरव्या, छातीवर लाल रंगात "नवयुवक". एक खेळाडू त्या दिवशी नव्हता. त्याने त्याच जर्सीतला वेगळा फोटो पाठवला आहे, त्याला रांगेत उभा करायचा. मग अख्ख्या फोटोला तैलचित्रासारखा करून 6 × 4 फुटाचा फ्लेक्स छापायचा.

पोरगा बसवला, तो जमला. मग फोटो 1024 रुंदीवर आणून एसडीएक्सएलमध्ये इमेज टू इमेज केलं, डिनॉइज 0.55. चेहरे चांगले आले, पण बोर्ड झाला "गामपचायत कायालय" आणि जर्सीवर "नबथुवक". प्रॉम्प्टमध्ये पूर्ण नाव लिहून पाहिलं, काही फरक नाही. अक्षरं कशी वाचवायची?

बंडीवाला

भाऊ, निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये "garbled text, wrong letters" टाका आणि कंट्रोलनेट कॅनी लावा, वजन 1. कॅनी कडा पकडून ठेवते, अक्षर हलत नाही. माझं इंग्रजी बोर्डाचं काम असंच होतं.

तिफण

बंडीवाला भाऊ, कॅनीचं अर्धं बरोबर आहे. निगेटिव्ह प्रॉम्प्ट मात्र इथे काही कामाचा नाही. मॉडेलला अक्षर चुकलं हे कळतच नाही, तर ते टाळणार कसं?

आधी माप पहा, म्हणजे कारण समजेल. 4000 रुंदीचा फोटो तुम्ही 1024 वर आणला, म्हणजे जवळपास चौपट लहान केला. मूळ फोटोत बोर्डावरच्या अक्षराची उंची किती आहे? संपूर्ण ओळ 900 पिक्सेल रुंद असेल तर अक्षर साधारण 70 पिक्सेल उंच असणार. ते झालं 18. आता हे मॉडेल चित्रावर थेट काम करत नाही. आधी त्याला उभं-आडवं आठ-आठ पट आकसतं आणि त्या आकसलेल्या जाळीवर रंगवतं. 18 पिक्सेलच्या अक्षराला जाळीतली दोन-सव्वादोन घरं मिळाली. "पं"वरचा अनुस्वार मूळ फोटोत 14 पिक्सेलचा धरला तर इथे साडेतीनचा झाला, त्याला अर्धंही घर नाही. म्हणून अनुस्वार गेला, "ग्र"ची खालची तिरपी रेघ गेली, "र्या"वरचा रफार गेला. तुमच्याकडे नेमके हेच तीन गेले आहेत, पहा. अक्षराचा मुख्य सांगाडा टिकला आणि त्याला लटकलेलं सगळं गळालं.

इंग्रजी बोर्डात असं लटकलेलं फारसं नसतं. "i"चा ठिपका गेला तरी शब्द वाचता येतो. आपल्याकडे ठिपक्याने शब्द बदलतो.

जर्सीवर तर अक्षर मुळात 40 पिक्सेल असेल, ते 10 वर आलं. म्हणजे एकच घर आणि थोडं. "व"चं "ब" आणि "य"चं "थ" होण्यात मला नवल वाटत नाही.

कॅनीचं म्हणाल तर ती कडा कोणत्या आकाराच्या चित्रावर काढते ते बघा. प्रीप्रोसेसरचं रिझोल्यूशन मुळात 512 असतं. तिथे अनुस्वाराची कडाच उमटत नाही. `Pixel Perfect` ला टिक लावली तर चित्राच्या आकारावर काढेल, पण तो आकारही 1024 च आहे. शिवाय जाड रेघेची कॅनी दोन कडा काढते, आणि आत भरायचं की बाहेर हे मॉडेल आपल्या मनाने ठरवतं.

पेंटर_काका

बोर्डाची अक्षरं उडाली असतील तर पुन्हा रंगवून घ्या ना. पत्र्यावर आधी प्रायमर, मग पिवळा एनॅमल दोन हात, वाळल्यावर लाल. शिरोरेषेला खडूचा दोरा मारून घ्या. पावसाच्या आधी करा, नाहीतर पोपडे धरते.

वऱ्हाडी_चढाई

काका, बोर्ड शाबूत आहे 😄 फोटोत मोडला आहे.

पेंटर_काका

अच्छा. मग एक ऐका. फोटोवाले "र्य" काढतात तेव्हा रफार कोठीही टांगतात. तो "या"च्या काठीवर, शिरोरेषेच्या वर बसतो. "का"वर टांगला तर "र्कायालय" होते. आजकालच्या फ्लेक्सवर सर्रास दिसते.

तिफण

काकांचा मुद्दा पुढे कामाला येईल.

उपाय म्हणाल तर माझ्या मते क्रम चुकतो आहे. आधी माणूस बसवा, पूर्ण आकारात. मग सगळ्या चित्राला एकदाच शैली द्या, म्हणजे बसवलेला पोरगा आणि बाकीचे एकाच रंगात येतील. अक्षरं सगळ्यात शेवटी मूळ फोटोतून परत आणा. त्यांना मॉडेलच्या हाती द्यायचंच नाही.

बोर्डापुरतं सांगते. शैली दिलेलं चित्र मोठं करून मूळ फोटोच्या आकाराचं करा. मूळ फोटो त्याच्यावर लेयर म्हणून ठेवा आणि मास्क करून फक्त बोर्ड दिसू द्या. मास्कची कड मऊ करायची, 12-15 पिक्सेल, पण ती कड पत्र्याच्या चौकटीवर किंवा भिंतीवर पडली पाहिजे, अक्षरातून जाता कामा नये. आता त्या लेयरचा मोड बदला: फोटोशॉपमध्ये `Luminosity`, गिंपमध्ये `Luminance`. म्हणजे उजेड-अंधार मूळ फोटोचा राहतो आणि रंग खालच्या चित्राचा येतो. पिवळ्यावर लाल असल्यामुळे उजेडात भरपूर फरक आहे, अक्षर स्वच्छ उठेल आणि बोर्ड चिकटवल्यासारखा दिसणार नाही.

0.55 डिनॉइजला बोर्डाचे कोपरे काही पिक्सेल सरकलेले असतात. वरच्या लेयरचा मोड थोड्या वेळासाठी `Difference` करून बघा. कोपऱ्यावर उजळ रेघ दिसली की समजायचं सरकला आहे. मग पर्स्पेक्टिव्ह टूलने मूळ बोर्डाचे चार कोपरे खालच्या बोर्डावर नेऊन बसवा.

संत्रा_मोसंबी

मी लेयर वगैरे करत नाही, ढिगाने फोटो असतात. तिन्ही फाइली एकाच आकाराच्या करून हे चालवते. मास्कमध्ये पांढरं असेल तिथे मूळ फोटो येतो:

```
magick styled.png original.png mask.png -composite out.png
magick out.png -sampling-factor 4:4:4 -quality 95 out.jpg
```

दुसरी ओळ विसरू नका. साध्या जेपेगमध्ये बहुतेक वेळा रंगाची बारकाई उभी-आडवी निम्मी केलेली असते. लाल अक्षराची कड पिवळ्यात पाझरल्यासारखी दिसते ती त्यामुळेच. आणि फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वऱ्हाडी_चढाई

तिफण ताई, बोर्ड एक नंबर आला. पण जर्सीवर तेच केलं तर अक्षरंच गायब झाली. नुसती हिरवी जर्सी, चुण्या दिसतात, "नवयुवक" नाही. काहून?

तिफण

फोटो काळा-पांढरा करून बघा. गडद हिरवा आणि लाल, दोन्ही जवळपास सारखेच करडे दिसतील. उजेडात फरकच नाही, मग `Luminosity` मोड आणणार काय? जर्सीवर तो मोड काढून `Normal` ठेवा. फक्त लाल भाग निवडा: रंगावरून निवड करायची, निवड 1 पिक्सेल वाढवायची आणि कड अर्धा-एक पिक्सेल मऊ करायची. मूळ फोटोतलं लाल अक्षर जसंच्या तसं आणलं की त्याच्यासोबत चुणीची सावलीही येते, ती वेगळी काढावी लागत नाही. लाल जास्त भडक वाटला तर सॅच्युरेशन 15-20 ने उतरवा.

शैली देताना चुण्या बदलल्या असतील तर अक्षर एका चुणीवर आणि सावली दुसऱ्या चुणीवर असं दिसेल. तसं झालं तर छातीचा सगळा चौकोन मूळ फोटोतून घेणं बरं.

सुईदोरा

मला थोडं वेगळं विचारायचं आहे. आमच्या बचत गटाच्या ॲप्रनवर गटाचं नाव आहे. एका ताईंना दुसऱ्या फोटोत बसवायचं होतं. त्यांच्यावर ऊन डावीकडून होतं आणि फोटोत उजवीकडून, म्हणून त्यांना आडवं उलटं केलं. आता नाव आरशातल्यासारखं दिसते आहे. नावाचा चौकोन कापून परत उलटा केला तर चालेल का?

संत्रा_मोसंबी

नाव सरळ होईल, पण त्या चौकोनातली सावली उलट पडेल आणि ॲप्रनवर ठिगळ दिसेल. शिवाय खिसा, भांग, साडीचा पदर सगळं दुसऱ्या बाजूला जातं. घरचे लोक ते लगेच ओळखतात. उलटं करूच नका. ताईंना सरळ ठेवून उजवी बाजू कर्व्हने उजळ करा आणि डावी गडद करा, मधे मऊ ग्रेडियंट मास्क.

आणि ज्यांना कुणाला बसवायचं त्यांनी सेल्फी पाठवली असेल तर आधी अक्षरं तपासा. काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखाच जतन करतात. तसा आला असेल तर मात्र उलटं करणंच बरोबर.

बंडीवाला

कबड्डीभाऊ, तुमच्या त्या बसवलेल्या पोराच्या जर्सीचं काय? व्हॉट्सॲपवरून आला असेल तर फोटो 1600 वर आला असणार. त्याची अक्षरं बाकीच्यांपेक्षा पुसट दिसतील.

वऱ्हाडी_चढाई

हाव, तसंच झालं. बाकीच्यांचं "नवयुवक" वाचता येतं, त्याचं धुकट. फोटो पुन्हा मागितला तर म्हणे मोबाइलमधून उडाला. शेजारच्या पोराच्या छातीवरून अक्षरं उचलून लावू का?

तिफण

लावा, जर्सी तीच आहे. पण तीन गोष्टी पहा.

पहिली, शेजारी थोडा तिरपा उभा असेल तर त्याच्या अक्षरांची रुंदी कमी झालेली असते. जो खेळाडू याच्यासारखाच सरळ उभा आहे त्याच्याकडून घ्या. मोठ्याचं लहान करून लावलं तर चालतं, लहानाचं मोठं केलं की परत धुकं.

दुसरी, याची जुनी पुसट अक्षरं आधी काढा, म्हणजे तिथे कोरी हिरवी छाती राहील. ती काढली नाहीत तर नव्या अक्षराच्या कडेने लाल झाक राहते.

तिसरी गोष्ट चुण्यांची, आणि इथेच काम उघडं पडतं. डिस्प्लेस फिल्टरला याच्या छातीचा करडा केलेला, 4-5 पिक्सेल ब्लर केलेला तुकडा नकाशा म्हणून द्या आणि सरकण्याचं माप 40 पिक्सेलच्या अक्षराला 5-6 पुरे. ब्लर केला नाही तर कापडाच्या विणीमुळे अक्षराची कड दातेरी होते. माप वाढवलं तर शिरोरेषा तुटते. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं असतं, एखादं वर-खाली झालं तरी खपतं. "नवयुवक"वरून एकच रेघ छातीभर जाते. ती चुणीसोबत वळली पाहिजे, पण अखंड वळली पाहिजे. पायरी दिसली की कुणीही सांगेल की हे वरून लावलं आहे.

शेवटी चुण्यांची सावली वेगळ्या लेयरवर, `Multiply` करून अक्षरांच्या वर. सावलीचा लेयर वर हवा, हे लक्षात ठेवा. काही जण अक्षरांनाच `Multiply` लावतात. लाल अक्षर मग हिरव्यावर काळपट होतं, आणि पांढरं असेल तर चक्क नाहीसं होतं.

पेंटर_काका

शिरोरेषेचं पोरीने बरोबर सांगितलं. कापडावर लिहितानाही आधी रेघ ओढून घेतो, अक्षरं मग तिला टांगतो.

वऱ्हाडी_चढाई

सगळं केलं. बोर्ड, जर्सी, बसवलेला पोरगा, सगळं वाचता येत होतं. फ्लेक्ससाठी मोठं करायला रियल-इएसआरगॅनमधून 2 पट केलं आणि बोर्डावर पुन्हा "कायालय" 😩 रफार शिरोरेषेत विरघळला. "पं"चा टिंब पण रेघेला चिकटला. मोबाइलवर लेन्सने वाचून पाहिलं तर "कार्यालय" बरोबर वाचते, मग चालेल का?

तिफण

नाही चालणार. शब्द ओळखीचा असला की असं साधन चूक असूनही बरोबर वाचून देऊ शकतं. आपला डोळाही तेच करतो. म्हणून तपासताना शब्द वाचायचाच नाही. ओळीच्या उजव्या टोकाकडून सुरू करा आणि एकेक अक्षर मूळ फोटोशी ताडून पहा: य, ल, र्या, का. मात्रा आणि टिंब वेगळे मोजा. "ग्रामपंचायत कार्यालय"मध्ये शिरोरेषेच्या वर दोनच खुणा आहेत, अनुस्वार आणि रफार. दोन दिसल्या पाहिजेत.

तो अपस्केलर बारकावा अंदाजाने भरतो, म्हणजे दुखणं तेच. अक्षरं शेवटी म्हटलं होतं, त्यात मोठं करणंही आलं. तुमचं माप असं: 6 × 4 फूट, 72 डीपीआयने 5184 × 3456. फोटो 4000 × 3000 आहे आणि फ्लेक्सचं प्रमाण 3:2, म्हणून आधी 4000 × 2667 कापा. मग वाढ 1.3 पटच लागते, दुप्पट कशाला? शैलीचं चित्र अपस्केलरने 5184 वर न्या. मूळ फोटो साध्या लँकझोसने 5184 वर न्या. मग बोर्ड आणि जर्सीचे मास्क या मोठ्या आकारावर लावा. 70 चं अक्षर 91 होतं, छापल्यावर सव्वा इंच. थोडं मऊ दिसेल, पण अक्षर खरं असेल.

बंडीवाला

पण ताई, पेंटिंगमध्ये मधेच फोटोसारखी कोरीव अक्षरं कशी दिसतील? ब्रशचा फटकारा नको का?

तिफण

हवा असेल तर बोर्डाच्या तुकड्यावर गिंपचं `Oilify` चालवा. ते आजूबाजूला जो रंग जास्त आहे तोच भरतं, त्यामुळे मास्क रेडियस रेघेच्या जाडीच्या निम्म्याहून कमी ठेवायची. रेघ 12 पिक्सेल असेल तर 4-5. जास्त ठेवलं की पहिले टिंब जातात.

दुसरा रस्ता म्हणजे बोर्डापुरता 1024 × 1024 चा तुकडा मूळ फोटोतून कापून त्याला वेगळी शैली देणं, डिनॉइज 0.3 च्या आत. आकार कमी होत नाही म्हणून अक्षराला दोनऐवजी जवळपास नऊ घरं मिळतात. फटकारे चांगले येतात. पण रफार प्रत्येक वेळी तपासावा लागतो, आणि पिवळा रंग बाकी चित्राशी जुळेलच असं नाही.

संत्रा_मोसंबी

मला अक्षरं कोरीवच आवडतात. फ्लेक्स रस्त्यावरून बघायचा आहे, फटकारे कोण बघतं?

वऱ्हाडी_चढाई

बोर्ड झाला बा, दोन्ही खुणा दिसून राहिल्या. आता राहिली खालची बारीक ओळ, "ता. आर्वी, जि. वर्धा". मूळ फोटोतच 16-17 पिक्सेलची आहे. आम्हाला माहीत आहे म्हणून वाचता येते. टाईप करून बसवू का?

संत्रा_मोसंबी

बसवा. यात्रा वन फॉन्ट घ्या, तो मुंबईच्या रेल्वे स्टेशनवरच्या हाताने रंगवलेल्या अक्षरांवरून केला आहे, पत्र्याच्या बोर्डाला शोभतो. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, वाढवलं की शिरोरेषेला फटी पडतात. फोटोशॉपमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये `World-Ready` निवडा, नाहीतर "र्वी" आणि "र्धा"चे रफार सुटे पडतील. कोऱ्या पिवळ्या पट्टीवर लिहून बोर्डाच्याच चार कोपऱ्यांनी तिरपं करा आणि 1 पिक्सेलच्या आसपास ब्लर द्या. फ्लेक्सवाल्याला फॉन्ट नको, चित्रच द्या. त्याच्याकडे जुने फॉन्ट असले तर युनिकोडचं काहीही उमटतं.

तिफण

मी नाही बसवणार. बोर्ड कुणाच्या तरी हाताने रंगवलेला आहे आणि वरची ओळ त्याच हाताची आहे. खाली फॉन्ट आला की दोन हात दिसतात. त्यापेक्षा गावातून कुणाला तरी त्याच जागेवर उभं करून, त्याच वेळेच्या उन्हात, फक्त बोर्डाचा जवळून फोटो काढायला सांगा. बोर्ड जागेवरच आहे ना. त्यातून ओळ उचला, चार कोपरे जुळवा, लहान करा.

पेंटर_काका

बोर्ड रंगवून घेतला असता तर तेवढ्यात ती ओळही मोठी झाली असती.

वऱ्हाडी_चढाई

काका 🙏 पोराला सकाळी नऊच्या उन्हात पाठवतो, फोटो नऊलाच काढला होता. नाही जमलं तर यात्रा वन. फ्लेक्सवाल्याला शनिवारी फाइल द्यायची आहे.

सुईदोरा

संत्रा ताई, ताईंना सरळ ठेवून कर्व्ह केलं. नाव वाचता येते, पण डाव्या गालावर काळपट पट्टा दिसतो. ग्रेडियंट किती रुंद ठेवायचं?